एलयूटीवर सॉफ्टवेअर निर्यात आणि जीएसटीचा परतावा : चौदा महिने वापरून झाल्यावर

नाशिकमध्ये माझी दोन माणसांची छोटी सॉफ्टवेअर फर्म आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आम्ही आयर्लंडमधल्या एका कंपनीचं काम करतो. दरमहा एक इन्व्हॉइस जातं आणि डॉलरमध्ये पैसे येतात. निर्यातीवर कर न आकारता एलयूटी, म्हणजे तसं हमीपत्र, भरून काम करायचं आणि खर्चावर भरलेला जीएसटी परत मागायचा, हा मार्ग मी निवडला. आतापर्यंत चार तिमाहींचे अर्ज केले. तीन मंजूर झाले, चौथा सुरू आहे. मार्ग चांगला आहे आणि पैसे खरंच खात्यात येतात. पण पहिल्या अर्जात माझे जवळजवळ चार महिने गेले. त्यातला मोठा भाग कायद्यामुळे गेला नाही, बँकेच्या एका कागदावरच्या पाच अक्षरांमुळे गेला.

एलयूटीला वेळ लागत नाही. जीएसटी पोर्टलवर RFD-11 हा फॉर्म भरायचा, दोन साक्षीदारांची नावं द्यायची, सही करायची, पंधरा मिनिटांत काम होतं. लक्षात ठेवायचं इतकंच की ती एका आर्थिक वर्षापुरती असते. ३१ मार्चच्या आत पुढच्या वर्षाची भरून टाकावी.

आता ती पाच अक्षरं. पहिलं पेमेंट १२ नोव्हेंबरला आलं. शाखेतून फोन आला, "मॅडम, तुमच्या खात्यात बाहेरून पैसे आलेत, कशाचे आहेत?" मी म्हणाले, "क्लायंटचे आहेत, आयर्लंडहून." पलीकडून "बरं बरं" झालं आणि संध्याकाळी रक्कम जमा झाली. मला वाटलं, झालं काम. डिसेंबरचं पेमेंटही असंच आलं. फेब्रुवारीत परताव्याचा अर्ज केला तेव्हा दोन्ही रेमिटन्स ॲडव्हाइस, म्हणजे पैसे आल्याचे बँकेचे कागद, जोडल्या, पण नीट वाचल्या नाहीत. त्यांवर पर्पज कोडच्या, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणाऱ्या, रकान्यात P1301 होतं. हा कोड अनिवासी भारतीयांनी घरखर्चासाठी आणि बचतीसाठी पाठवलेल्या पैशांचा आहे. आमच्या कामाला P0802 हवा होता, म्हणजे सॉफ्टवेअर सल्ला आणि अंमलबजावणी.

हा फरक नुसता कारकुनी नाही. आयजीएसटी कायद्याच्या कलम २(६) मध्ये सेवेची निर्यात कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे. सेवा देणारा भारतात, घेणारा बाहेर, पुरवठ्याचं ठिकाण बाहेर, दोघं एकाच संस्थेच्या दोन शाखा नसाव्यात, आणि सेवेचा मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात मिळालेला असावा (रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयांतही चालतो). मालाच्या निर्यातीत शिपिंग बिल पुरावा म्हणून असतं. आपल्याकडे जहाज नाही, बंदर नाही, सीमाशुल्काचा शिक्का नाही. निर्यात झाली हे सिद्ध करणारा मुख्य कागद म्हणजे पैसे आल्याचा दाखला, आणि माझा दाखला म्हणत होता की घरखर्चाला पैसे आले. अधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांच्या आत RFD-03, म्हणजे त्रुटी ज्ञापन पाठवलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

RFD-03 आलं की तो अर्ज तिथेच संपतो, नवा करावा लागतो. क्रेडिट लेजरमधून, म्हणजे खर्चावर भरलेल्या जीएसटीच्या पोर्टलवरच्या खात्यातून, वजा झालेली रक्कम परत जमा होते. परताव्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि सेवा आधी पुरवून पैसे नंतर आले असतील तर ती पैसे आल्याच्या तारखेपासून मोजतात. पहिल्या अर्जापासून त्रुटी कळवेपर्यंतचे दिवस त्यातून वगळले जातात, त्यामुळे मुदतीची भीती नव्हती. बँकेचा कागद दुरुस्त करून घेणं मात्र जिकिरीचं झालं. शाखेत हे काम कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी फॉरेक्स विभागाचा पत्ता मिळवला आणि दोन्ही इन्व्हॉइस, करार आणि कोड बदलण्याचं विनंतीपत्र पाठवलं. तीन आठवड्यांनी P0802 असलेल्या नव्या ॲडव्हाइस आल्या.

या तीन आठवड्यांत आमच्या सीएंनी माझा हिशेब पुन्हा तपासला आणि त्यातल्या दोन मोठ्या चुका सापडल्या. त्या इथे सविस्तर लिहिते, कारण पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याचं चुकतं ते इथेच. सूत्र जीएसटीच्या नियम ८९(४) मधलं आहे, त्यात आयटीसी म्हणजे खर्चावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट :

```
परतावा = (निर्यात उलाढाल × नक्त आयटीसी) ÷ समायोजित एकूण उलाढाल
```

आकडे सोपे करून सांगते. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ मध्ये निर्यातीची तीन इन्व्हॉइस, प्रत्येकी ४,५०,००० रुपयांची, म्हणजे एकूण १३,५०,०००. शिवाय नाशिकच्याच एका ग्राहकाचं १,००,००० रुपयांचं काम, त्यावर १८ टक्क्यांनी १८,००० कर. खर्चाच्या बाजूला को-वर्किंगचं भाडं, कंत्राटी डेव्हलपरचं बिल, सीए आणि इंटरनेट यांवर मिळून ६०,००० रुपये जीएसटी भरला. आणि एक लाखाचा लॅपटॉप घेतला, त्यावर १८,०००. एकूण क्रेडिट ७८,०००.

पहिली चूक लॅपटॉपची. नक्त आयटीसीत फक्त इनपुट आणि इनपुट सेवांचं क्रेडिट धरतात. जे यंत्र आपण हिशेबात भांडवली मालमत्ता म्हणून दाखवतो, ते कॅपिटल गुड्स, आणि त्याचं क्रेडिट या सूत्रात बसत नाही. मी सरसकट ७८,००० धरले होते, खरा आकडा ६०,००० होता.

दुसरी चूक उलाढालीची. सेवांसाठी निर्यात उलाढाल म्हणजे इन्व्हॉइस केलेली रक्कम नव्हे. त्या काळात हातात आलेले पैसे धरतात. आगाऊ आलेले पैसे असतील तर काम पूर्ण होईल तेव्हा ते धरायचे. डिसेंबरच्या इन्व्हॉइसचे पैसे १४ जानेवारीला आले, म्हणजे ते पुढच्या तिमाहीच्या अर्जात. या तिमाहीची निर्यात उलाढाल ९,००,००० आणि खालची समायोजित उलाढाल, देशातलं काम धरून, १०,००,०००. छेदातही निर्यातीचे आलेलेच पैसे मोजतात. त्यामुळे ज्याचं सगळं काम निर्यातीचं आहे त्याचं गुणोत्तर पेमेंट लांबलं तरी एकच राहतं. देशातलं काम जोडीला असलं की उशिरा आलेलं पेमेंट त्या तिमाहीचा परतावा कमी करतं.

६०,००० गुणिले ९ भागिले १०, म्हणजे ५४,००० रुपये. पोर्टल तीन आकडे पाहतं : सूत्राने आलेली रक्कम, त्या काळाचं GSTR-3B विवरणपत्र भरल्यानंतरची क्रेडिट लेजरमधली शिल्लक आणि अर्ज करतानाची शिल्लक. सर्वांत लहान असेल तेवढंच मिळतं. माझ्या लेजरमध्ये ७८,००० मधून देशातल्या कामाचा १८,००० कर वळता होऊन ६०,००० उरले होते, म्हणून ५४,००० हाच आकडा लागू झाला. पहिल्या अर्जात चुकीच्या हिशेबाने सूत्र ७२,००० च्या वर गेलं होतं आणि पोर्टलने ते ६०,००० वर अडवलं. तो अर्ज पुढे गेला असता तर सहा हजारांसाठी RFD-08 ची कारणे दाखवा नोटीस आली असती. त्रुटी ज्ञापनाने त्यातून वाचवलं.

लॅपटॉपचं क्रेडिट वाया जात नाही, हेही इथेच कळलं. परतावा मिळत नसला तरी त्यातून देशातल्या कामावरचा कर भरता येतो. आमचं नेमकं तसंच झालं, १८,००० ला १८,००० जुळले. पण ज्या फर्मचं देशात कामच नाही आणि जिने एकदम दहा-पंधरा यंत्रं घेतली, तिचं क्रेडिट अडकून बसेल. अशा वेळी एलयूटी बाजूला ठेवून आयजीएसटी भरून निर्यात करायची आणि भरलेला कर परत मागायचा, हा कायद्याने खुला असलेला दुसरा रस्ता आहे. तो कर भरायला कॅपिटल गुड्सचं क्रेडिटही चालतं. सेवांसाठी त्याचाही अर्ज RFD-01 या परताव्याच्या फॉर्मवरच करावा लागतो, मालासारखा आपोआप परतावा मिळत नाही. यंत्रं घेण्याआधी सीएंशी यावर जरूर बोला.

२४ मार्च २०२५ ला नवा अर्ज केला. या वेळी एक पानभर तक्ता जोडला : इन्व्हॉइस क्रमांक, तारीख, डॉलर, ॲडव्हाइसचा क्रमांक, आलेले डॉलर, फरक. नोव्हेंबरच्या पेमेंटमध्ये २५ डॉलर मधल्या बँकेने कापले होते, ते स्वतंत्र ओळीत लिहिलं आणि दावा आलेल्या रकमेवरच केला. अधिकाऱ्यांचा एकच प्रश्न आला. इन्व्हॉइस आयर्लंडच्या कंपनीच्या नावाने आणि पैसे पाठवणारी तिची नेदरलँड्समधली समूह कंपनी, असं का? क्लायंटकडून त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र मागवलं, करारातलं पेमेंटचं कलम दाखवलं आणि विषय मिटला. १५ मेला RFD-06 हा मंजुरीचा आदेश आला, चार दिवसांनी ५४,००० खात्यात. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत परतावा द्यायचा असतो, त्यानंतर ६ टक्क्यांनी व्याज. आम्हाला व्याजाची वेळ आली नाही.

पुढचे दोन अर्ज सुरळीत गेले. एकदाच अडलं : कंत्राटी डेव्हलपरने त्याचं विक्रीचं विवरणपत्र GSTR-1 उशिरा भरलं, त्याचं बिल आमच्या GSTR-2B या क्रेडिटच्या तक्त्यात दिसेना, आणि तिथे न दिसणाऱ्या क्रेडिटचा परतावा मिळत नाही. तेव्हापासून त्याच्या बिलातली जीएसटीची रक्कम 2B मध्ये नोंद दिसल्यावर देते. करारात तसं लिहूनच घेतलं आहे.

पैसेच न आले तर काय, हे मला बरेच जण विचारतात. एलयूटी देताना आपण बांधील होतो. इन्व्हॉइसच्या तारखेपासून एक वर्ष, किंवा फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालची मुदत, यापैकी जे उशिराचं असेल ते संपल्यावर १५ दिवसांत कर १८ टक्के व्याजासह भरावा लागतो. म्हणून माझ्या तक्त्यात प्रत्येक इन्व्हॉइससमोर हीही तारीख आहे, आणि सहा महिने झाले की मी क्लायंटच्या अकाउंट्स विभागाला स्वतः फोन करते.

बँकेचं काम आता असं चालतं. क्लायंटने पैसे पाठवले असं कळलं की त्याच दिवशी फॉरेक्स विभागाला मेल : इन्व्हॉइस जोडलेलं, रक्कम, पाठवणाऱ्याचं नाव आणि ठळक अक्षरांत P0802. पैसे जमा झाल्यावर बँक त्याची नोंद डीजीएफटी या परकीय व्यापाराच्या सरकारी खात्याच्या पोर्टलवर चढवते, तिथे इन्व्हॉइस जोडून ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचं प्रमाणपत्र, मी स्वतःच तयार करते. नोव्हेंबर २०२३ पासून आलेली ही स्वयंप्रमाणनाची सोय मला फार आवडली, त्यासाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, मात्र काढावा लागतो. ॲडव्हाइस आली की आधी कोड वाचते, मग रक्कम. गेल्या महिन्यात नव्या कर्मचाऱ्याने पुन्हा P1301 टाकलं होतं. या वेळी ते दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झालं.