२५६ जीबी एसएसडीवर गेमिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

थोडक्यात सांगायचं तर २५६ जीबीच्या एसएसडीवर एक मोठा गेम आरामात खेळता येतो, पण तो अपडेट करताना तोंडाला फेस येतो. विकत घेताना सगळे गेमचा आकार बघतात. खरी अडचण मात्र त्याच्याभोवती किती जागा मोकळी राहते, याची असते.

आधी हिशेब. खोक्यावर २५६ लिहिलेलं असतं, पण विंडोज २३८ दाखवतं. यात फसवणूक नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. त्यातले ४५ ते ५० जीबी विंडोज ११, त्याचे अपडेट, पेजफाइल, ब्राउझर आणि ड्रायव्हर यांत जातात. हातात उरतात साधारण १९०. आता बाल्डर्स गेट ३ घ्या. त्याच्या स्टीम पानावर १५० जीबी जागा मागितली आहे, तीही एसएसडीवर. म्हणजे गेम बसला आणि ४० जीबी शिल्लक राहिले. सायबरपंक २०७७ ला ७० लागतात, एल्डन रिंगला ६०. ही जोडीही मावते. बाल्डर्स गेटच्या शेजारी मात्र यातला एकही बसत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक वाटतं. पॅच आला की गोची होते. स्टीम पॅच लावताना जुन्या फाइलमध्ये थेट खाडाखोड करत नाही. बदललेल्या प्रत्येक फाइलची नवी प्रत शेजारी तयार करतं आणि ती पूर्ण झाल्यावरच जुनी काढतं. मध्येच लाइट गेली तरी गेम बिघडू नये म्हणून ही पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. पण गेमचा माल मोठमोठ्या पॅक फाइलींत भरलेला असेल, तर १० जीबीच्या फाइलमध्ये अगदी थोडा बदल झाला तरी अख्ख्या १० जीबीची नवी प्रत बनते. अशा बऱ्याच फाइली बदलल्या की डाउनलोड ५ जीबीचं आणि मोकळी जागा मागतात त्याच्या कितीतरी पट.

हे ओळखायचं कसं? स्टीमच्या डाउनलोड पानावर नेटवर्कचा आकडा शून्यावर येतो, डिस्कचा आलेख मात्र जोरात चालू राहतो. नेट बंद पडलं समजून बरेच जण इथे राउटर रीस्टार्ट करतात. नेट ठीक असतं, प्रती तयार होत असतात. जागा पुरणार नसेल तर "Not enough free disk space" असा संदेश येतो. डी ड्राइव्हवर ३०० जीबी मोकळे असले तरी फायदा नाही, कारण तात्पुरत्या फाइली गेमच्याच लायब्ररीतल्या `steamapps\downloading` फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच ड्राइव्हवर बनतात.

त्यावर दोन उपाय चालतात. जुनी हार्ड डिस्क असेल तर स्टीमच्या Settings मध्ये Storage उघडून तिथे दुसरी लायब्ररी बनवा. मग गेमच्या Properties मधल्या Installed Files मध्ये Move install folder वापरून गेम तिकडे हलवा, तिथेच अपडेट करा आणि परत आणा. १५० जीबी एका दिशेला न्यायला अर्धा तास सहज जातो. हार्ड डिस्क नसेल तर गेम काढून पुन्हा टाका. मोठ्या पॅचच्या वेळी बाल्डर्स गेटच्या कंपनीनेच असा सल्ला दिला होता. नेट जलद आणि अमर्याद असेल तरच हे परवडतं. काढण्याआधी क्लाउड सेव्ह चालू असल्याची खात्री जरूर करा.

थोडी जागा विंडोजकडूनही परत मिळते. हायबरनेट वापरत नसाल तर अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
powercfg /h off
```

१६ जीबी रॅम असेल तर यातून साधारण ६ जीबी सुटतात. फास्ट स्टार्टअप मात्र जातं. एसएसडीवर त्याची उणीव फारशी जाणवत नाही.

ड्राइव्ह काठोकाठ भरू नका, निदान ३० जीबी मोकळे राहू द्या. स्वस्त एसएसडी रिकाम्या जागेचाच काही भाग जलद कॅश म्हणून वापरतात. जागा संपत आली की ती कॅश आक्रसते आणि लिहिण्याचा वेग कोसळतो. गेम लोड व्हायला तितकाच वेळ लागतो, कारण वाचण्याचा वेग टिकून असतो. पॅच मात्र रेंगाळतात.

गेमचा आकार नेहमी चित्रांच्या दर्जामुळेच वाढतो असंही नाही. हेलडायव्हर्स २ पीसीवर १५० जीबीच्या घरात गेला होता, कारण हार्ड डिस्कवर तो लवकर लोड व्हावा म्हणून एकच माल अनेकदा साठवला होता. २०२५ च्या अखेरीस त्या जादा प्रती काढल्यावर तो सुमारे २३ जीबीवर आला. एसएसडीवाल्यांना त्या प्रतींचा काहीच उपयोग नव्हता.

नवीन घेणार असाल तर ५१२ च्या खाली जाऊ नका. विंडोजमध्ये ते ४७६ दिसतात, एक मोठा आणि दोन मध्यम गेम ठेवूनही पॅचला जागा उरते. २५६ आधीच असेल तर टाकून देऊ नका. लॅपटॉपमध्ये दुसरा एम.२ स्लॉट आहे का ते मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. असेल तर विंडोज आहे तिथेच राहू द्या आणि गेमसाठी १ टीबी वेगळी लावा.