कॅलमार रेशो आणि 'नुसतं धरून ठेवलं असतं तर?' – बरेच महिने वापरल्यावर

एका ट्रेडरचे बिटकॉइनचे सौदे फॉलो करतोय, आणि त्याचा हिशोब गेले कित्येक महिने मी कॅलमार रेशोनेच ठेवतो. वार्षिक परतावा भागिले सगळ्यात मोठी घसरण, एवढंच गणित. पण शेजारच्या कॉलममध्ये त्याच तारखांना नुसता बिटकॉइन घेऊन ठेवला असता तर काय झालं असतं ते नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही, हे माझं ठाम मत झालंय.

आता बघा, 2023 मध्ये त्याने 70 टक्के कमावले, घसरण 10 टक्के, म्हणजे कॅलमार 7. ऐकायला भारीच, पण त्या वर्षी बिटकॉइन साधारण 16,500 डॉलरवरून 42,200 वर गेला, म्हणजे 155 टक्के, आणि जुलै ते सप्टेंबरमधली घसरण 20 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे काहीच न करणाऱ्याचा कॅलमार पावणेआठ! मग फी भरून सौदे कशाला करायचे?

पण 2022 पासून धरलं की चित्र पालटतं. धरून ठेवणारा 46,300 ला शिरला आणि दोन वर्षांनी 42,200 वर, म्हणजे थोडा तोट्यातच, आणि मधे वरून खाली 67 टक्के घसरण सोसली ती वेगळीच. ट्रेडर पहिल्या वर्षी उणे 12, दुसऱ्या वर्षी अधिक 70, दोन्ही मिळून साधारण 50 टक्के, वर्षाला 22 पडले, मोठी घसरण 20, कॅलमार 1.1. सात नाही, एक! पण हाच आकडा मला खरा वाटतो, कारण यात पडता बाजार पण आला आणि चढता पण. फक्त तेजीतलं एक वर्ष दाखवणाऱ्याकडे मी आता बघतच नाही.

दुसरं म्हणजे घसरण कशावर मोजली. प्लॅटफॉर्मवर त्याची घसरण बरीच कमी दिसायची, कारण तिथे फक्त बंद झालेले सौदे धरतात, तोट्यात उघडा पडलेला सौदा त्यात येतच नाही. म्हणून मी रोज पहाटे साडेपाचची, म्हणजे आपल्याकडे दिवसाची कँडल बंद होते तेव्हाची, उघड्या सौद्यांसकट खात्याची किंमत शीटमध्ये B कॉलमला टाकतो आणि शेजारी हे:

```
=B2/MAX(B$2:B2)-1
```

खाली ओढत न्यायचं, सगळ्यात जास्त उणे आकडा तीच खरी घसरण. बिटकॉइनच्या भावालाही हाच फॉर्म्युला, त्याच वेळेचा भाव घेऊन.

एक गोष्ट मात्र सांभाळा, परतावा उणे असला की कॅलमारची तुलना करूच नका. दोघांचा तोटा 10 टक्के, एकाची घसरण 20, दुसऱ्याची 40, तर रेशो उणे 0.5 आणि उणे 0.25, म्हणजे जास्त आपटलेलाच कागदावर बरा दिसतो. तेव्हा मी परतावा आणि घसरण वेगवेगळे लिहितो, भागाकार करतच नाही.