टाकीवाला प्रिंटर, स्क्रीन नाही, चार दिवे: दोन वर्षांच्या वापरानंतर

छपाईचा दर्जा, पानामागचा खर्च, टाकीत शाई कशी भरायची, हे सगळं तुम्ही आधीच वाचलेलं असेल, म्हणून ते सोडून देतो. काळी छपाई स्वस्त पडते, शिकवणीच्या प्रश्नपत्रिकांना हा प्रिंटर पुरून उरतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला लिहायचंय ते त्याच्या दिव्यांबद्दल. मशीनला जे काही सांगायचं ते याच दिव्यांतून सांगता येतं. या दिव्यांचा अर्थ न लावताच एका सर्व्हिस सेंटरवाल्याने मला साडेतीन हजारांचा बोर्ड गळ्यात मारायचा प्रयत्न केला, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय.

पूर्वपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी दहावीच्या गणिताचे संच छापत होतो. मध्येच छपाई थांबली आणि कागदाचा व शाईच्या थेंबाचा असे दोन्ही नारिंगी दिवे लुकलुकायला लागले. कागद होता, कुठे अडकलेला नव्हता, चारही टाक्या निम्म्याच्या वर भरलेल्या. सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, लाल लाईट लागतेय ना? मग बोर्ड गेला असणार. मशीन आणून सोडा, तपासणीचे पाचशे आणि बोर्डाचे साडेतीन हजार धरून चला." दिवे एकदम लागतायत की एकेक, हे त्याने विचारलंच नाही. दिवा लाल नव्हता, नारिंगी होता, हेही त्याने ऐकून घेतलं नाही.

मी मशीन उचलून नेलं नाही. मोबाईल प्रिंटरसमोर पुस्तकाला टेकवून उभा केला, खोलीतली ट्यूब बंद केली आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला. मग तो हळू गतीने पाहिला. थेंब पेटतो तेव्हा कागद विझलेला, कागद पेटतो तेव्हा थेंब विझलेला. आळीपाळीने. दिवे एवढे जवळजवळ आहेत आणि दिवसा काचेवर एवढा उजेड पडतो, की नुसत्या डोळ्यांना हे दोन्ही एकत्र लुकलुकल्यासारखे दिसतात. दिवे वाचायचे असतील तर पहिलं काम हेच: अंधार करा आणि व्हिडिओ घ्या.

मग कंपनीच्या साइटवरून पूर्ण पुस्तिका उतरवली. खोक्यातून आलेल्या घडीच्या कागदावर शाई कशी भरायची याची चित्रं आहेत, दिव्यांचा तक्ता नाही, आणि ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. ज्या मशीनला स्क्रीन नाही, त्याच्या दिव्यांचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला हवा. तो पीडीएफमध्ये खोलवर आहे, आणि नेमकं मशीन बंद पडतं तेव्हा माणूस घाईत असतो.

तक्ता वाचल्यावर माझं मत बरंच बदललं. तोवर मला वाटत होतं की चार दिव्यांत काय कळणार. खरं तर त्यात एक शिस्त आहे, आणि ती कळली की पाठांतराची गरज उरत नाही. कागदाचा दिवा न लुकलुकता नुसता पेटलेला असेल, तर कागद संपलाय किंवा एकाच वेळी दोन-तीन पानं ओढली गेलीत. पानं नीट लावा आणि कॉपीचं बटण दाबा. तोच दिवा लुकलुकत असेल, तर कागद अडकलाय. हिरवा पॉवरचा दिवा लुकलुकत असेल, तर मशीन कामात आहे, हात लावू नका. दोन नारिंगी दिवे आळीपाळीने, म्हणजे शाई शोषणारं पॅड संपत आलंय किंवा संपलंय. आणि सगळेच दिवे एकदम लुकलुकले तर आतली यांत्रिक अडचण. बंद करून झाकण उघडा, काही अडकलंय का पाहा, पुन्हा चालू करा, आणि तेच आलं तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. म्हणजे पाहायच्या गोष्टी दोनच: दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय, आणि एकाहून जास्त दिवे असतील तर ते एकदम की आळीपाळीने.

प्रत्येक कंपनीची रीत मात्र वेगळी असते. कॅननच्या बऱ्याच बिनस्क्रीनच्या इंकजेटमध्ये नारिंगी दिवा किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजायचं असतं. दोनदा म्हणजे कागद नाही, तीनदा म्हणजे कागद अडकला, आठदा म्हणजे वाया गेलेली शाई शोषणारा भाग भरत आलाय. तिथे मधली विश्रांती ओळखून पुढच्या फेरीच्या सुरुवातीपासून मोजावं लागतं, मध्येच मोजायला लागलात तर आकडा चुकतो. तिथेही व्हिडिओच कामाला येतो.

थेंबाच्या दिव्याबद्दल सगळ्यांचा एकच समज असतो, की शाई भरा. आमच्या शेजारच्या काकांनी थेंब पेटलेला पाहून टाकी वरच्या रेघेच्याही वर भरली होती. या मशीनच्या टाकीत पातळी मोजणारं काहीही नाही. शाई किती उरलीय हे पुढच्या पारदर्शक खिडकीतूनच पाहायचं आणि खालच्या रेघेच्या खाली जाऊ द्यायची नाही. शाई खाली गेली म्हणून मशीन तुम्हाला थांबवेलच असं नाही. ते छापत राहतं, नळीत हवा शिरते आणि कागदावर शाई सोडणाऱ्या हेडचं दुखणं वाढतं.

आता पॅडबद्दल, कारण माझं दुखणं तेच निघालं. हेड साफ करताना जी शाई बाहेर टाकली जाते ती मशीनच्या तळाशी असलेल्या नमद्यासारख्या जाड पॅडमध्ये मुरते. पॅड किती भिजलंय हे मशीन मोजत नाही. प्रत्येक सफाईला किती शाई गेली याचा हिशोब ते स्वतःच्या मेमरीत ठेवतं, आणि आकडा ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की दिवे आळीपाळीने लागतात. त्यामुळे मशीन वरून ठणठणीत दिसत असतानाही थांबतं. ही मर्यादा सुरक्षिततेसाठी असते, नाहीतर एक दिवस शाई तळातून टेबलावर उतरेल.

दोन वर्षांत एवढी सफाई झाली कशी? याची दोन कारणं मला सापडली. आमच्याकडे वीज जाते. छपाई चालू असताना वीज गेली की हेड आपल्या जागेवर, रबरी टोपीखाली, जाऊन बसत नाही. तसंच उघडं राहिलं की शाई वाळते, अक्षरांत पांढऱ्या रेघा येतात, मग सफाई करावी लागते. बटण न वापरता थेट बोर्डावरचं स्विच बंद करणाऱ्यांच्याही घरी हेच होतं. दुसरं कारण जास्त फसवं आहे. थांबवायचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की हिरवा दिवा लुकलुकायला लागतो आणि सफाई सुरू होते. कुठलाही दिवा लागला की लोक हेच बटण दाबून धरतात, रागाने तर आणखी जोरात. म्हणजे कागद अडकल्याचा दिवा घालवायला जावं आणि शाई पॅडमध्ये ओतून यावी. शिकवणीतली मुलं प्रिंटरजवळ असतात, म्हणून मी आता बटणाजवळच चिठ्ठी लावलीय: "एकदाच दाबा, सोडा."

दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतल्या आणि बाजारपेठेतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. त्यांनी मशीन पिशवीतून काढायच्या आधीच विचारलं, "दोन्ही एकदम लुकलुकतायत की एकामागून एक?" मी व्हिडिओ दाखवला. "मग पॅड. हेड-बोर्ड काही नाही, मास्तर." तिथेच मला हायसं वाटलं. त्यांनी मागचं झाकण खोललं. पॅड काळंनिळं आणि भिजून जड झालेलं होतं. नवीन बसवलं, लॅपटॉपवरून आतला हिशोब शून्यावर आणला आणि सातशे रुपये घेतले. साडेतीन हजारांच्या बोर्डाची गरज कुठेच नव्हती.

फुकटात नुसता हिशोब शून्यावर आणून देणारेही असतात. ते करू नका. शून्य झालं तरी भिजलेलं पॅड तेच राहतं, आणि पुढच्या मोठ्या सफाईला शाई बाहेर येते.

कागदाच्या दिव्याचा एक अनुभवही सांगतो. तो लुकलुकत होता, पण कागद कुठेच दिसत नव्हता. प्रिंटर बंद केला, प्लग काढला, मागच्या कागदाच्या खाचेत टॉर्च मारला, तर रुळाजवळ नखाएवढा फाटलेला कोपरा होता. चिमट्याने कागद जातो त्याच दिशेने हळू ओढून काढला. उलट ओढला असता तर तुकडा आणखी फाटला असता. लुकलुकणारा कागदाचा दिवा बहुतेक वेळा खरं बोलतो. दिसलं नाही म्हणून शोध सोडू नका.

या दिव्यांची एक मर्यादा मात्र मला अजून खटकते. पॅड "संपत आलंय" आणि "संपलं" या दोन्हींना तोच आळीपाळीचा नमुना आहे. एकात अजून अवधी आहे, दुसऱ्यात मशीन थांबलेलं आहे, आणि दिव्यांवरून फरक कळत नाही. तो फक्त यूएसबी जोडल्यावर संगणकावरच्या स्थितीच्या खिडकीत शब्दांत दिसतो. म्हणून नुसतं स्कॅन-कॉपीसाठी मशीन वापरणाऱ्यांनीही महिन्यातून एकदा ते संगणकाला जोडून ती खिडकी उघडावी. मला ती आधी दिसली असती तर परीक्षेच्या आदल्या रात्री नाही, सुट्टीत पॅड बदललं असतं.

विकत घ्यावा का? घरी, शिकवणीला, छोट्या दुकानाला घ्या, मी पुन्हा हाच घेईन. घेताना दुकानदाराला एवढं विचारा की वाया गेलेल्या शाईचा डबा स्वतः बदलता येतो का. काही मॉडेलांत तो बाहेरून निघतो. थोडे पैसे जास्त लागले तरी तसं मॉडेल घ्या. नसेलच, तर घरी आल्यावर दिव्यांचं पान छापा आणि चिकटपट्टीने झाकणाच्या आत लावा.