चवथीच्या घाईत पुरावाच फोडून टाकला

डिचोलीजवळ आमचे जुने चिऱ्याचे घर आहे. दोन न्हाणीघरे, स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीची फरशी, सगळे मिळून ६,४०,००० रुपयांना ठरले होते, चवथीपूर्वी पुरे करायच्या बोलीवर. जुलैअखेर कंत्राटदाराला काढला तेव्हा ४,८०,००० त्याच्याकडे गेले होते. हप्ते कामाच्या पुढे पळवायची ही चाल तुम्हाला ठाऊकच असेल. मलाही होती. शाळेत गणित शिकवले आहे मी!

मला कळायला हवे होते ते देवखोलीत. न्हाणीघरात आदल्या दिवशी वॉटरप्रूफिंगचा थर लावला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर टाइल्स बसल्याही. मोरीचे भोक बंद करून पाणी भरायचे, दोन दिवस ठेवून पलीकडे ओल येते का ते बघायचे, हे झालेच नाही. आठवड्याने पलीकडच्या देवखोलीची भिंत ओली झाली. बायकोने हात लावून दाखवले. कंत्राटदार हसला, "सर, पावसात गोव्यातली कुठली भिंत कोरडी असते?" पटले मला. दुसऱ्या दिवशी १,६०,००० चा हप्ता दिला. टाइलवर नाणे वाजवून पाहिले असते तरी खालचा पोकळपणा ऐकू आला असता.

मग माणसे येईनाशी झाली. मी फोनवरच "काम बंद" म्हटले. हे तोंडी कधीच करू नका. चवथ तोंडावर होती, पाव्हणे यायचे होते, म्हणून दुसरा गवंडी आणला आणि त्याने पहिल्याच दिवशी न्हाणीघर फोडले. त्याआधी लेखी नोटीस द्यायला हवी होती: अमुक दिवशी मोजमाप आहे, या, नाहीतर तुमच्या गैरहजेरीत होईल. मग अभियंता, दोन शेजारी, टेप दिसेल असे फोटो, सह्या.

अभियंता आला तो नंतर. झालेले काम ठरल्या दराने २,८५,००० चे निघाले. दोष सुधारायचा खर्च ५८,००० वजा जाता २,२७,०००, म्हणजे दिलेल्या ४,८०,००० पैकी मला २,५३,००० परत हवेत. पण फोडलेल्या न्हाणीघराचे ५८,००० सिद्ध कशाने करणार? ते सोडले तर १,९५,००० उरतात. कंत्राटदाराचा वकील उलट १,१५,००० मागतो आणि विचारतो, दोष कुठे आहेत, दाखवा.

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे, सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवा. हेतू काय टेपने मोजू? पंचायतीत म्हणाले, दोघे बसून मिटवा. तिसऱ्या खेपेला तिथला कारकून मलाच विचारतो, "आगाऊ दिलेच कशाला?" बरोबर आहे, चोर सोडून मालकालाच जाब! ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, हे यांतल्या एकानेही सांगितले नाही. ते मला वकिलाकडून कळले.

तक्रार दाखल केली आहे. सोबत फोटो मागितले, तर देवखोलीच्या भिंतीचा एक निघाला, तोही आरतीच्या ताटामागे. न्हाणीघरातल्या फुटक्या टाइल्स गवंड्याने आमच्याच वाटेवरच्या खड्ड्यात टाकल्या. रोज त्यांवरून स्कूटर नेतो.