‘पाच टक्के’ ऐकलं आणि फसलो

घरच्या आजारपणात मी एका खाजगी सावकाराकडून ५०,००० रुपये उचलले. दर विचारला तर म्हणाला, “पाच टक्के. तुम्ही ओळखीचे, म्हणून.” बँकेचे दर वर्षाचे असतात, तेच डोक्यात होतं. मी मनातल्या मनात हिशेब केला: वर्षाने ५२,५०० द्यायचे. सही केली. कागदावर ‘दरमहा दरशेकडा पाच’ लिहिलेलं होतं. त्यातल्या ‘दरमहा’वर माझी नजर थांबलीच नाही.

हातात मात्र ४७,५०० आले. पहिल्या महिन्याचं व्याज त्याने आधीच कापून घेतलं होतं. खरं तर इथेच मला कळायला हवं होतं, कारण ५०,००० वर एका महिन्याला २,५०० म्हणजे बाराही महिने धरले तर ३०,०००. वर्षाचा दर पाच नव्हे, साठ टक्के.

पुढचे अकरा महिने मला काहीच भरता आलं नाही. तो कधी तगादा लावायला आला नाही, आणि मी त्याला भला माणूस समजत राहिलो. वर्ष संपल्यावर त्याने वही उघडून दाखवली. दुसऱ्या महिन्यापुढे व्याज २,५००, तिसऱ्यापुढे २,६२५. हे वरचे १२५ कुठून आले? थकलेलं व्याज तो दर महिन्याला मुद्दलात मिळवत होता आणि त्यावर पुन्हा व्याज लावत होता. चक्रवाढीबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नव्हता. वहीतला शेवटचा आकडा होता ८५,५१७.

नुसतं सरळव्याज असतं तरी अकरा महिन्यांचे २७,५०० धरून ७७,५०० झाले असते. चक्रवाढीने त्यावर आठ हजारांची भर पडली. आणि मला मिळाले होते ४७,५००, पन्नास हजार नव्हे. म्हणजे ४७,५०० वर ३८,०१७ जास्त, वर्षाला जवळपास ८० टक्के! ‘पाच’चे ऐंशी झाले, तेही त्याने एकही आकडा खोटा न सांगता.

म्हणून कुणी टक्के सांगितले की आधी विचारा: महिन्याचे की वर्षाचे? महिन्याचे असतील तर बाराने गुणा, तो कमीत कमी वार्षिक दर. मग विचारा, व्याज थकलं तर मुद्दलात मिळवणार का? आणि हातात नक्की किती येणार? ‘वर्षभर मी काहीच दिलं नाही तर वर्षाअखेर किती द्यायचे’ हा एकच आकडा त्याच्याच हाताने कागदावर लिहून मागा. सही त्यानंतर.

मी भावाकडून पैसे घेऊन सगळं फेडलं. सही केलेला कागद आधी मागितला तेव्हा “सापडत नाही, नंतर देतो” म्हणाला. शेवटचे दहा हजार मी हातातच धरून बसलो, तेव्हा तो कागद त्याच वहीच्या मागच्या खिशातून निघाला.