लिंक्डइनवर व्हिडिओ एडिटरने वर काय लावावं: शोरील की केस स्टडी?

प्रोफाइलच्या ‘फीचर्ड’ भागात बहुतेक एडिटर शोरील लावतात. हात किती सफाईदार आहे, रंगसंगती कशी जमते, हे त्यातून मिनिटभरात कळतं. जाहिरात संस्थेतला क्रिएटिव्ह माणूस तेवढ्यावर फोन करतो. पण बीटवर कापलेले चकचकीत शॉट मूळ कच्च्या फुटेजबद्दल काहीच सांगत नाहीत. कॅमेरामनची कमाल कुठे संपली आणि एडिटरची कुठे सुरू झाली, हे ओळखता येत नाही. शिवाय फीडमध्ये व्हिडिओ आवाजाविना सुरू होतो, म्हणजे बीटची गंमतही गेलीच.

केस स्टडी हे अंतर भरून काढते. समजा, कारखान्याच्या सुरक्षा-प्रशिक्षणाची फिल्म आहे: तीन तासांचं फुटेज, मुलाखतींत यंत्रांचा गोंगाट, हवीत चार मिनिटं. मग आवाज कसा साफ केला, कुठली मुलाखत का गाळली, मधला कट कुठल्या शॉटने झाकला, हे पाच-सहा स्लाइडच्या पीडीएफमध्ये मांडा आणि आधी-नंतरच्या छोट्या क्लिप सोबत वेगळ्या लावा. कंपनीचा मार्केटिंग मॅनेजर हेच शोधत असतो. मात्र कच्चं फुटेज दाखवायला क्लायंटची लेखी परवानगी लागते, आणि ती बरेचदा मिळत नाही.

थेट कंपन्यांकडून काम हवं असेल तर मी केस स्टडी पहिली लावेन, रील दुसरी.