फक्त ‘त्या दिवसाचं’ को-ऑर्डिनेशन: आठ महिने करून पाहिल्यावर

घरच्या प्रत्येक कार्यात ‘तिला विचारा, तिला माहीत असेल’ हे वाक्य ऐकत आले, म्हणून यातूनच काही काम उभं करावं असं ठरवलं. सजावट, भाड्याचं सामान, फोटो बूथ, आमंत्रणं असे बरेच पर्याय चाचपले. पण सजावटीला गोदाम लागतं, सामानाला भांडवल आणि वाहतूक. मी निवडलं ते फक्त कार्यक्रमाच्या दिवसाचं को-ऑर्डिनेशन. सजावटवाले, साउंडवाले, केटरर यजमानांनी आधीच ठरवलेले असतात. मी कुणालाही आणत नाही, त्या सगळ्यांची वेळ एकमेकांशी जुळवते. आठ महिन्यांत अकरा कार्यक्रम झाले. भांडवल म्हणाल तर एक फोन, एक क्लिपबोर्ड आणि पायांना न चावणारे बूट.

या कामाचा जीव वेळापत्रकात आहे, आणि ते उलटं लिहायचं असतं. म्हणजे न हलणारी वेळ आधी धरायची आणि तिथून मागे मागे यायचं. एका पन्नासाव्या वाढदिवसाचं सांगते. कार्यक्रम 7 ला, पाहुणे 6:30 पासून, हॉल ताब्यात दुपारी 2 ला. सजावटीला 3 तास, साउंडला 1 तास, फोटोंचा व्हिडिओ तपासायला 15 मिनिटं. एकामागून एक लावलं तर 6:15 होतात, हाताशी उरतात जेमतेम 15 मिनिटं. कागदावर बसतं, प्रत्यक्षात नाही.

मग सजावटवाल्यांना फोन करून विचारलं, स्टेजमागची चौकट आधी उभी करता येईल का? ती 45 मिनिटांचं काम. चौकट झाली की साउंडवाले स्टेजवर येतील, तोवर सजावटवाले प्रवेशद्वार आणि टेबलं घेतील. त्या दिवशी सजावटवाले 40 मिनिटं उशिरा आले. तरीही चौकट 3:25 ला उभी होती, साउंड 4:25 ला संपलं आणि 5:40 ला सजावट पूर्ण. जुन्या क्रमाने गेलो असतो तर साडेसहाला स्पीकरच्या वायरी पाहुण्यांच्या पायात असत्या.

व्हिडिओने मात्र घाम फोडला. पडद्यावर चित्र आलं, आवाज नाही. लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावली की आवाजही बहुतेक वेळा तिकडेच, म्हणजे प्रोजेक्टरकडे, जातो आणि स्पीकर गप्प राहतात. सेटिंगमध्ये आवाजाचं आउटपुट बदलून हेडफोनच्या जागेतून मिक्सरला वायर दिली, दहा मिनिटांत सुटलं. हेच पाहुण्यांसमोर झालं असतं तर दहा मिनिटं तासाभरासारखी वाटली असती. तेव्हापासून व्हिडिओची चाचणी ‘चित्र दिसलं’ यावर संपत नाही. शेवटच्या खुर्चीवर बसून आवाज ऐकते.

आता त्रासाचं. सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ‘कुणाचं ऐकायचं’ या प्रश्नाने. एका लग्नात मुलीच्या मावशींनी खुर्च्यांची मांडणी बदलायला सांगितली, वडिलांनी परत होती तशी करायला लावली, आणि चाळीस मिनिटं खुर्च्याच फिरत होत्या. मुहूर्ताचा ताण मला, बोलणीही मला. आता पहिल्या भेटीतच यजमानांकडून एकच नाव लिहून घेते. बाकी सगळ्यांना हसून ‘त्यांना विचारून लगेच करते’. उत्सवाच्या कार्यक्रमात हे जड जातं, कारण तिथे समिती असते आणि समितीत प्रत्येकजण अध्यक्षच. तिथे बैठक संपण्याआधी नाव वदवून घ्यावं लागतं.

दुसरी चूक मोबदल्याची. सुरुवातीला ‘एका दिवसाचं काम’ म्हणून दर ठरवला. मग एका कार्यक्रमाचे तास मांडले: भेट 2, जागेची पाहणी 2, वेळापत्रक 3, सगळ्यांना खात्रीचे फोन 3, प्रत्यक्ष दिवस 11, नंतरची आवराआवर 1. झाले 22 तास! तासाचा दर निम्म्यावर येत होता. आता त्या तासांवर दर सांगते आणि उरलेली रक्कम कार्यक्रमाच्या आधीच घेते, कारण दुसऱ्या दिवशी सगळे थकलेले असतात आणि फोन उचलत नाहीत.

कामाची यादी लेखी देणंही उशिरा शिकले. एकदा आहेराची पाकिटं सांभाळायला माझ्या हातात दिली. पैशांची जोखीम आपली नव्हे, हे तेव्हा तोंडावर बोलता आलं नाही. आता यादीत स्पष्ट लिहिलेलं असतं: रोख, दागिने आणि लहान मुलं सांभाळणं यात येत नाही. मुलं का, ते विचारू नका.

कामं सारखी येत नाहीत. दोन महिने एकही फोन नव्हता, मग एकाच तारखेला तीन. दोन्हीकडे पुरेन असं वाटून एकदा एका दिवशी सकाळचं आणि संध्याकाळचं घेतलं. सकाळचं लांबलं आणि संध्याकाळच्या साउंड चाचणीला मी गाडीतून फोनवर हजर होते. तेव्हापासून दिवसाला एकच घेते. दीडशे पाहुण्यांपुढे गेलं की हातात एक मदतनीस असतो, त्याचं मुख्य काम दारात उभं राहून कोण आलं आणि कोण अजून यायचंय हे मला कळवणं. पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाला चारशे पाहुणे आहेत, त्यासाठी दोघांशी बोलणं चालू आहे.